एचपीव्ही पेशीचा ब्रेक कसा काढतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गर्भाशयमुखाच्या बायोप्सीच्या स्लाइड रोज माझ्या हाताखालून जातात. रिपोर्ट हातात पडला की लोक प्रश्न पाठवतात. कुणाला त्यातला एखादा शब्द अडलेला असतो, तर कुणाला विषाणूपासून कर्करोग होतोच कसा हे मुळापासून समजून घ्यायचं असतं. तेच तेच येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कर्करोग करणारे विषाणू बरेच आहेत, पण हे पान मुख्यतः ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, आणि त्याची ई६ व ई७ ही दोन प्रथिनं यांच्यापुरतं आहे. इतर विषाणूंबद्दल प्रश्न १३ मध्ये थोडं आहे.

१. एचपीव्ही म्हणजे काय? सगळेच एचपीव्ही कर्करोग करतात का?

नाही. एचपीव्ही हे एका मोठ्या कुटुंबाचं नाव आहे. त्यात दोनशेहून जास्त प्रकार आहेत आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. हातापायावरची साधी चामखीळ काही प्रकारांमुळे येते. गुप्तांगावरच्या चामखिळी बहुतेक वेळा ६ आणि ११ या प्रकारांमुळे येतात. कर्करोगाशी नक्की संबंध जोडला गेला आहे तो साधारण डझनभर प्रकारांचा, आणि त्यांनाच 'हाय रिस्क' म्हणतात. त्यातही १६ आणि १८ हे दोनच प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे असतात.

विषाणू म्हणून हा अगदी छोटा संसार आहे. सुमारे ८,००० अक्षरांची डीएनएची एक गोल माळ, त्यात जेमतेम आठ-नऊ जनुकं आणि वरून प्रथिनाचं कवच. माणसाच्या एका पेशीत अशी तीन अब्जांहून जास्त अक्षरं असतात. इतक्या तुटपुंज्या सामग्रीत तो जे करतो ते पुढे आहे.

२. तो शरीरात शिरतो कुठून आणि राहतो कुठे? रक्ततपासणीत दिसतो का?

रक्तात तो फिरत नाही, त्यामुळे रक्तात शोधून उपयोग नाही. त्वचेला किंवा आतल्या नाजूक अस्तराला बारीकसं खरचटलं की तिथून तो सर्वांत खालच्या थरातल्या पेशींपर्यंत पोचतो. गर्भाशयमुखावर एक जागा अशी असते जिथे दोन वेगळ्या प्रकारची अस्तरं एकमेकांना भिडतात. तिथल्या पेशी या विषाणूला फार लवकर बळी पडतात, आणि म्हणूनच पॅप स्मिअर, म्हणजे पेशी खरवडून तपासायचा नमुना, घेताना ब्रश तिथे फिरवला जातो.

अस्तराची रचना लक्षात ठेवा, पुढे सारखी लागेल. खालच्या थरातल्या पेशी विभागत राहतात. त्यांतल्या काही वर सरकतात, वर सरकताना विभागणं थांबवतात, चपट्या होतात आणि शेवटी पापुद्र्यासारख्या गळून पडतात. विषाणू खालच्या पेशीत थोड्या प्रतींच्या रूपात गप्प बसतो आणि त्या पेशीबरोबरच वर चढतो. नवे विषाणू तयार होतात ते मात्र वरच्या थरांत. गळणाऱ्या पेशींबरोबर ते आपोआप बाहेर पडतात.

३. पेशीने कधी विभागायचं हे ठरवतं कोण?

त्यासाठी पुष्कळ प्रथिनं राबतात. इथे दोघांची ओळख पुरे.

पहिलं आरबी. विभागणीआधी पेशीला आपला सगळा डीएनए दुप्पट करावा लागतो, आणि त्यासाठी लागणारी जनुकं चालू करण्याचं काम ई२एफ नावाची प्रथिनं करतात. आरबी या ई२एफला घट्ट धरून बसतं. वाढीचा संदेश आला की सीडीके-४ आणि सीडीके-६ ही एन्झाइम आरबीवर फॉस्फेट चिकटवतात, मग आरबीची पकड सुटते, ई२एफ मोकळं होतं आणि डीएनए दुप्पट होऊ लागतो. संदेश नसेल तर पकड तशीच राहते. हा झाला पेशीचा ब्रेक.

दुसरं पी५३. डीएनए तुटला, किंवा पेशीला नको त्या वेळी विभागायला ढकललं जातंय असं दिसलं, की पी५३ वाढतं. ते आधी पेशीला थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर पेशीला स्वतःला संपवायला लावतं. निरोगी पेशीत पी५३ सतत तयार होतं आणि सतत मोडलंही जातं, त्यामुळे एरवी ते फार थोडं असतं. संकट आलं की फक्त मोडणं थांबतं आणि साठा भराभर वाढतो. ही 'सतत मोडलं जाण्याची' गोष्ट प्रश्न ७ मध्ये लागेल.

४. पण विषाणूला पेशीच्या विभागणीशी काय देणंघेणं?

सगळ्या गोष्टीची किल्ली या प्रश्नात आहे. एचपीव्हीकडे डीएनएची नक्कल करणारं स्वतःचं पॉलिमरेझ नाही. डीएनए बांधायला लागणारे सुटे घटकही तो बनवू शकत नाही. हे सगळं तो पेशीकडून घेतो, आयत्या बिळावर नागोबा. आता अडचण अशी की नवे विषाणू बनवायचे असतात वरच्या थरात, आणि तिथल्या पेशींनी विभागणं सोडलेलं असतं. ते पॉलिमरेझ, ते घटक तिथे बंद झालेले असतात. म्हणजे दुकान बंद झाल्यावर गिऱ्हाईक दारात उभं, अशी विषाणूची गत.

म्हणून तो दुकान पुन्हा उघडायला लावतो. विभागणी थांबवलेल्या पेशीला तो डीएनए दुप्पट करण्याच्या अवस्थेत ढकलतो. कर्करोग घडवणं हा यात त्याचा हेतू नसतो आणि त्यात त्याचा फायदाही नाही. उलट कर्करोगाच्या पेशींत सहसा नवे विषाणू तयारच होत नाहीत, तिथे विषाणूचा वंश खुंटतो. रोग हा एका जुगाडाचा भरकटलेला परिणाम आहे, असं मला वाटतं, आणि तसं पाहिलं की ई६-ई७ चं वागणं समजायला सोपं जातं.

५. ई७ नेमकं काय करतं?

आरबीची पकड सोडवतं, तेही वाढीच्या संदेशाची वाट न पाहता. एचपीव्ही-१६ चं ई७ फक्त ९८ अमिनो आम्लांचं आहे. त्यातला पाच अमिनो आम्लांचा एक तुकडा आरबीच्या एका खाचेत नेमका बसतो. या पाचांत पहिलं ल्युसीन, तिसरं सिस्टीन आणि पाचवं ग्लुटामिक आम्ल असावंच लागतं, मधली दोन कोणतीही चालतात. आरबीची ही खाच पेशीतली इतर प्रथिनंही वापरतात. तीच विषाणूने हेरली.

पण ई७ एवढ्यावर थांबत नाही. हाय रिस्क प्रकारांचं ई७ आरबीला पेशीच्या कचरा-यंत्रणेकडे, म्हणजे प्रोटिआसोमकडे पाठवतं आणि त्याचे तुकडे करवून घेतं. आरबीची पी१०७ आणि पी१३० ही भावंडंही त्याच्या तावडीतून सुटत नाहीत. ई२एफ मोकळं झालं की डीएनए बनवणारी सगळी जनुकं चालू होतात.

६. मग ई६ कशाला लागतं? ब्रेक काढायला एकटं ई७ पुरलं असतं की.

पुरलं नसतं, कारण पेशीला फसवणूक कळते. ई२एफ असं बेमोसम मोकळं झालं की एआरएफ नावाचं प्रथिन वाढतं, ते पी५३ ला मोडण्यापासून वाचवतं, आणि साठलेलं पी५३ पेशीला संपवायला निघतं. पेशीच मेली तर विषाणूचं कारखान्याचं स्वप्न तिथेच संपलं. म्हणून ई७ जे संकट ओढवतं ते निस्तरायला ई६ लागतं. ही दोन्ही प्रथिनं एकाच लांब आरएनए संदेशातून, जवळजवळ जोडीनेच तयार होतात, हा योगायोग नाही.

हे पुस्तकी तर्क नाहीत. दोघांना एकेकटं काढून काय होतं ते प्रयोगात पाहिलेलं आहे, प्रश्न १० मध्ये ते सविस्तर आहे.

७. ई६ पी५३ ला मारतं कसं? ते एन्झाइम आहे का?

ई६ हे एन्झाइम नाही, ते दलाल आहे. पेशीत ई६एपी नावाचं एक प्रथिन असतं. त्याचं काम नको असलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिनची खूण लावायची, की मग प्रोटिआसोम त्यांचा निकाल लावतं. निरोगी पेशीत पी५३ वर ही खूण लावतं ते मुख्यतः एमडीएम२ नावाचं वेगळं प्रथिन. ई६एपी सहसा पी५३ च्या वाटेलाही जात नाही. ई६ आधी ई६एपीला पकडतं, त्या जोडीमुळे ई६ वर पी५३ ला बसायला जागा तयार होते, आणि तिघं एकत्र आले की पी५३ वर खूण पडते.

यात एक चलाखी आहे. डीएनए तुटल्यावर पेशी एमडीएम२ ला रोखून पी५३ वाचवते. पण ई६ ने उघडलेला हा दुसरा रस्ता त्या अलार्मला जुमानतच नाही. धोक्याची घंटा वाजत राहते आणि पी५३ साठत नाही.

ई६एपी हे नाव ई६ वरूनच पडलं, कारण ते प्रथम या विषाणूमुळे सापडलं. नंतर कळलं की त्याचं जनुक मेंदूत बिघडलं तर अँजेलमन सिंड्रोम हा मुलांचा आजार होतो. विषाणूचा माग काढता काढता मेंदूविकाराचं जनुक हाती लागलं.

ई६ आणखी एक काम करतं, ते टेलोमरेझ चालू करतं. गुणसूत्रांची टोकं दर विभागणीला झिजतात आणि त्यामुळे पेशीच्या विभागण्यांना मर्यादा पडते. टेलोमरेझ ती झीज भरून काढतं.

८. साध्या चामखिळीच्या विषाणूतही ई६ आणि ई७ असतात म्हणे. मग त्यांच्यामुळे कर्करोग का होत नाही?

असतात, पण जोर वेगळा. प्रकार ६ आणि ११ चं ई६ पी५३ ला मोडू शकत नाही. त्यांचं ई७ आरबीला धरतं, पण बरंच सैल. हा फरक किती बारीक असू शकतो ते पाहा. प्रश्न ५ मधला पाच अमिनो आम्लांचा तुकडा दोन्हींत आहे. त्याच्या अगदी आधीच्या जागी हाय रिस्क प्रकारांत अ‍ॅस्पार्टिक आम्ल असतं, लो रिस्कमध्ये ग्लायसीन. प्रकार ६ च्या ई७ मध्ये एवढं एकच अमिनो आम्ल बदललं तर आरबीवरची त्याची पकड घट्ट होते आणि प्रयोगशाळेतल्या पेशींना भरकटवण्याची ताकद वाढते.

मात्र 'घट्ट पकड म्हणजे कर्करोग' असं समीकरण मांडू नका. तळपायाच्या चामखिळीत सापडणाऱ्या प्रकार १ चं ई७ आरबीला चांगलं धरतं, तरी तो कर्करोग करत नाही. धरणं वेगळं आणि मोडून टाकणं वेगळं, शिवाय ई६ ची साथही लागते.

९. हाय रिस्क एचपीव्ही पॉझिटिव्ह आलं. म्हणजे कर्करोग होणारच का? आणि होणार असेल तर इतकी वर्षं का लागतात?

होणारच असं अजिबात नाही. दहापैकी साधारण नऊ संसर्ग प्रतिकारशक्ती एक-दोन वर्षांत स्वतःच आटोक्यात आणते. जे वर्षानुवर्षं टिकून राहतात त्यांचीच काळजी करायची, आणि तेव्हाही संसर्गापासून कर्करोगापर्यंत सहसा दहा-वीस वर्षं जातात.

इतका वेळ का, तर साध्या संसर्गात विषाणू ई६-ई७ वर स्वतःच लगाम ठेवतो. त्याचंच ई२ नावाचं प्रथिन खालच्या थरात ई६-ई७ ची निर्मिती मोजकी ठेवतं. कधीतरी अपघाताने विषाणूची गोल माळ तुटते आणि तिचा तुकडा पेशीच्या गुणसूत्रात अडकतो. तुटण्याची जागा बऱ्याचदा ई२ च्या जनुकात किंवा त्याच्या आसपास असते. लगाम गेला, ई६-ई७ शाबूत राहिले, आणि आता ते खालच्या, विभागत राहणाऱ्या पेशीत जोरात बनू लागले. (प्रत्येक कर्करोगात असंच घडतं असं नाही. काहींत माळ गोलच राहते आणि लगाम वेगळ्या वाटेने सुटतो.)

तरीही ही पेशी अजून कर्करोगाची नसते. ई७ मुळे विभागणीच्या वेळी गुणसूत्रांची वाटणी चुकते, आणि पी५३ नसल्यामुळे चुकलेली पेशी मरत नाही. चुका साठत जातात. त्यांतली एखादी पेशीला आजूबाजूच्या ऊतीत घुसायची ताकद देते. साठायला वर्षं लागतात, आणि तीच वर्षं तपासणीने पकडण्याची संधी असते (प्रश्न १५).

१०. विषाणू कर्करोगात सापडतो हे मान्य, पण तोच कारण आहे कशावरून? नुसता सोबतीला असेल.

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, म्हणून जरा सविस्तर.

१९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या तरुण आईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून पेशी काढल्या गेल्या, तिला न विचारता. ती त्याच वर्षी गेली. तिच्या त्या पेशी हिला या नावाने आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. जर्मनीत हायडेलबर्गला हाराल्ड त्सूर हाउसेन यांच्या गटाने १९८३ मध्ये एचपीव्ही-१६ आणि पुढच्या वर्षी एचपीव्ही-१८ वेगळा काढला, आणि हिला पेशींत तपासलं तर तिथे १८ निघाला. गुणसूत्र ८ वर तो अडकून बसलेला, ई२ तुटलेलं, ई६-ई७ चालू. या कामाबद्दल त्सूर हाउसेन यांना २००८ चं नोबेल मिळालं.

पण शंका उरतेच. इतक्या वर्षांत हिला पेशींत बेसुमार जनुकीय बदल साठलेत, त्यांची गुणसूत्रं ४६ ऐवजी सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. सुरुवात विषाणूने केली असेलही, पण आता त्याची गरज उरली आहे का?

अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या गटाने हे तपासायला हिला पेशींत हरवलेलं ई२ परत घातलं. लगाम परत आल्यावर ई६-ई७ बंद झाले. त्यापाठोपाठ पी५३ साठू लागलं, मग त्याच्या हुकमाने बनणारं आणि विभागणी रोखणारं पी२१ वाढलं, आरबी परत ई२एफला धरून बसलं, आणि दोन-तीन दिवसांत डीएनए बनणं जवळजवळ थांबलं. पुढे या पेशी मोठ्या, चपट्या, म्हाताऱ्या झाल्या आणि पुन्हा विभागल्याच नाहीत. पी५३ आणि आरबी यांची जनुकं त्या पेशींत इतकी दशकं धडधाकट होती, त्यांची प्रथिनं फक्त दाबून ठेवलेली होती.

आता पडताळा. ई२ नेच पेशींना विष दिलं नसेल कशावरून? म्हणून त्यांनी ई२ चं ऐकणार नाहीत अशा पद्धतीने ई६-ई७ वेगळे घातले. तेव्हा ई२ असूनही पेशी वाढत राहिल्या. नंतर दोघांना वेगवेगळं करून पाहिलं. ई७ बंद आणि ई६ चालू ठेवलं तर आरबीच्या वाटेने पेशी म्हाताऱ्या झाल्या. ई६ बंद आणि ई७ चालू ठेवलं तर पी५३ जागं झालं आणि कित्येक पेशी मेल्यासुद्धा. प्रश्न ६ मध्ये सांगितलेलं संकट ते हेच.

११. रिपोर्टमध्ये 'पी१६ पॉझिटिव्ह' लिहिलंय. पी१६ तर ट्यूमर रोखणारं प्रथिन आहे ना? मग ते वाढलेलं वाईट कसं?

शंका अगदी रास्त आहे, आणि डॉक्टरी शिकणारेही इथे अडखळतात. पी१६ चं काम सीडीके-४ आणि ६ ला रोखणं. ती रोखली की आरबीवर फॉस्फेट लागत नाही आणि ब्रेक दाबलेला राहतो (प्रश्न ३). म्हणजे पी१६ हा ब्रेकच्या पेडलवरचा पाय.

आता ई७ ने आरबीच मोडून टाकलं, म्हणजे पेडलची खालची तारच कापली. पेशीला गडबड जाणवते, पी१६ च्या जनुकावरचं दडपण उठतं आणि पी१६ भरमसाट बनतं. पाय पूर्ण जोराने पेडलवर आहे आणि गाडी पळतेच आहे. म्हणून भरपूर पी१६ आणि तरी विभागणाऱ्या पेशी, हे चित्र 'आरबी गेलं' असं सांगतं, आणि गर्भाशयमुखावर आरबी घालवणारा बहुधा हाय रिस्क एचपीव्हीच असतो.

स्लाइडवर ते असं दिसतं, पी१६ असेल तिथे रंग तपकिरी येतो. निरोगी अस्तर निळसर राहतं, कुठे एखाददुसरी पेशी तपकिरी. बाधित भागात तळापासून वरपर्यंत सलग तपकिरी पट्टा, केंद्रकही रंगलेलं आणि भोवतालचा भागही. निरोगी आणि बाधित यांची सीमा कधीकधी पट्टीने आखल्यासारखी असते. असा सलग पट्टा असेल तरच आम्ही पॉझिटिव्ह म्हणतो. ठिपक्याठिपक्यांचा रंग पॉझिटिव्ह धरत नाहीत.

१२. म्हणजे पी१६ पॉझिटिव्ह असलं की एचपीव्ही आहेच, आणि एचपीव्ही नसेल तर गर्भाशयमुखाचा कर्करोग नाहीच?

दोन्ही वाक्यांना अपवाद आहेत.

पी१६ विषाणूला ओळखत नाही, ते आरबी गेल्याची खबर देतं. आरबी दुसऱ्या कारणाने गेलं तरी पी१६ वाढतं. घशाच्या, म्हणजे टॉन्सिल आणि जिभेच्या मागच्या भागाच्या कर्करोगात सत्तर टक्के पेशी जोरात रंगल्या तर पी१६ पॉझिटिव्ह धरतात, पण त्यातल्या काही गाठींत एचपीव्ही सापडत नाही. आपल्याकडे तंबाखूमुळे होणारे गालाचे आणि हिरडीचे कर्करोग फार, तिथे तर नुसत्या पी१६ वरून एचपीव्हीचा निष्कर्ष काढूच नये. विषाणूची थेट तपासणी लागते.

उलट बाजूने, गर्भाशयमुखाचे थोडे कर्करोग एचपीव्हीशिवायही होतात. जठराच्या अस्तरासारखा दिसणारा एक ग्रंथींचा प्रकार आहे, त्यात एचपीव्ही नसतो आणि पी१६ बहुधा निगेटिव्ह येतं. अशा गाठी तपासणीतून निसटू शकतात. रक्तस्राव किंवा सतत पाण्यासारखा स्राव असेल तर एचपीव्ही निगेटिव्ह आहे म्हणून गप्प बसू नका.

यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. सी-३३ए नावाच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींत एचपीव्ही नाही. त्यांची जनुकं तपासली तर पी५३ ही बिघडलेलं आणि आरबीही. हिलामध्ये विषाणू आहे, तिथे दोन्ही जनुकं शाबूत. म्हणजे विषाणू असो वा नसो, वाट अडवणारे तेच दोघं आहेत, आणि कर्करोगाला त्या दोघांना बाजूला सारावंच लागतं.

१३. दुसरे विषाणूही हीच युक्ती वापरतात का?

काही वापरतात, आणि त्यांचा एचपीव्हीशी नात्याचा संबंधही नाही. माकडांच्या एसव्ही-४० या विषाणूचं लार्ज टी प्रथिन आणि अ‍ॅडिनोव्हायरसचं ई१ए, दोन्हींत प्रश्न ५ मधला तोच ल्युसीन-सिस्टीन-ग्लुटामिक आम्लाचा तुकडा आहे. पी५३ सापडलं तेच मुळी १९७९ मध्ये, एसव्ही-४० च्या लार्ज टीला चिकटलेलं. तरी अ‍ॅडिनोव्हायरस माणसात सर्दी-खोकल्यासारखे आजारच देतो. युक्ती तीच असली तरी पेशी मरून गेली तर कर्करोग होत नाही. त्वचेच्या मर्केल सेल कर्करोगातला पॉलिओमा विषाणू २००८ मध्ये सापडला. तिथे लार्ज टी अर्धवट तुटलेलं असतं, पण आरबीला धरणारा भाग शिल्लक असतो.

कापोसी सार्कोमा या कर्करोगाचा विषाणू वेगळी वाट धरतो. तो स्वतःचं सायक्लिन, म्हणजे सीडीकेला चालू करणारं प्रथिन, आणतो, ते सीडीके-६ ला जोडलं की पी१६ ला दाद देत नाही. हिपॅटायटिस बी आणि सी मध्ये मात्र मुख्य गोष्ट यकृताच्या वर्षानुवर्षांच्या दाहाची आहे, एचपीव्हीची चौकट तिथे जशीच्या तशी लावू नये.

१४. लस ई६-ई७ ला रोखते का? आधीच संसर्ग असेल तर घेऊन उपयोग होतो का?

लस ई६-ई७ ला हातही लावत नाही. ती विषाणूच्या कवचातल्या एल१ प्रथिनापासून बनते. हे प्रथिन पुरेसं तयार झालं की आपोआप जुळून कवच बनतं, बाहेरून हुबेहूब विषाणू आणि आत डीएनए नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक अशीच आहे, यीस्टमध्ये बनवलेली, प्रकार ६, ११, १६ आणि १८ विरुद्ध. तिला भारतात २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

या लशीने तयार होणाऱ्या प्रतिपिंडांना विषाणू पेशीत शिरण्याआधीच गाठावा लागतो. एकदा तो आत गेला की पेशीच्या पृष्ठभागावर एल१ नसतं, प्रतिपिंडांना पकडायला काही उरत नाही. म्हणून असलेला संसर्ग किंवा झालेला बदल लस बरा करत नाही, आणि म्हणूनच ती संसर्गाच्या वयाआधी, ९ ते १४ वर्षांच्या मुलींना देण्यावर भर असतो. एका प्रकाराचा संसर्ग असला तरी लशीतल्या बाकीच्या प्रकारांपासून संरक्षण मिळतं. मोठ्या वयात घ्यायची का, हे स्वतःच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

१५. लस घेतली, मग तपासणी कशाला? आणि पॅपऐवजी एचपीव्ही टेस्ट का सांगतात?

लस सगळ्या हाय रिस्क प्रकारांवर नाही, म्हणून तपासणी सुटत नाही. एचपीव्ही टेस्ट विषाणूचा डीएनए किंवा ई६-ई७ चा आरएनए शोधते, म्हणजे पेशीचं रूप बदलण्याच्या आधीची पायरी पकडते. पॅपमध्ये रूप बदललेली पेशी कुणीतरी डोळ्याने ओळखावी लागते.

याचा मोठा पुरावा आपल्या मराठवाड्यातला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि टाटा मेमोरियल त्यात होते. गावांचे चार गट केले होते, एकात एचपीव्ही टेस्ट, एकात पॅप, एकात व्हिनेगार लावून डोळ्यांनी पाहणं, आणि एकात नेहमीची आरोग्यसेवा. आठ वर्षांनी पाहिलं तर एचपीव्ही टेस्टच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू होते, नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. दोन्ही गट जवळपास सारख्या आकाराचे होते, आणि टेस्ट आयुष्यात एकदाच केलेली होती.

१६. ई६-ई७ बंद केले की पेशी थांबते (प्रश्न १०), तर तसं औषध का नाही?

कारण औषधाला सहसा एखाद्या एन्झाइमची खोल खाच लागते, जिथे छोटा रेणू जाऊन अडकेल. ई६ आणि ई७ दोन्ही एन्झाइम नाहीत. ती इतर प्रथिनांना चिकटून काम करतात आणि त्या चिकटण्याच्या जागा पसरट असतात. प्रोटिआसोम बंद केलं तर पी५३ वाचतं, पण प्रोटिआसोम प्रत्येक निरोगी पेशीलाही लागतं. जास्त आशा प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींकडून आहे. ई६ आणि ई७ चे तुकडे बाधित पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि ही प्रथिनं निरोगी पेशीत नसतातच, त्यामुळे टी-पेशींना खूण पटू शकते. त्या दिशेने उपचाराच्या लशींच्या चाचण्या चालू आहेत.

कर्करोगाआधीच्या बदलासाठी सध्या रुग्णालयात जे होतं ते साधं आहे. बदललेला भाग तापलेल्या तारेने कापून काढतात किंवा गोठवून, जाळून नष्ट करतात. विषाणूला मारत नाहीत, तो ज्या पेशींत आहे त्या पेशीच काढतात. काठावर एखादी राहू शकते, म्हणून सहा महिन्यांनी किंवा डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा एचपीव्ही टेस्ट करायला बोलावतात. ती तारीख चुकवू नका.